हेल्मेटखालचा पावसाळा

जुलैच्या मध्यावर पुण्यातल्या कुठल्याही पार्लरमध्ये तासभर बसा, दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, केस फुगतात, बसतच नाहीत. दुसरी, डोकं खाजतं, खांद्यावर कोंडा पडतो. पहिल्या तक्रारीवर सिरमची बाटली पुढे येते, दुसरीवर अँटी-डँड्रफ शाम्पूची. कर्वेनगरात वीसेक वर्षं पार्लर चालवणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, की पावसात भिजल्यामुळे हे होतं ना? त्या हसल्या. "अहो, स्कूटरवरच्या बाईचं डोकं पावसानं भिजतच नाही फारसं. वर हेल्मेट असतं की! सकाळी सहाला न्हायची, साडेसातला ओल्या केसांची वेणी घालायची, वर स्कार्फ, त्यावर हेल्मेट. पाऊस पडला नाही तरी हिचं डोकं दुपारपर्यंत ओलंच."

हे ऐकल्यावर मी पाण्याचा हिशेब मांडून पाहिला. पावसाळ्यातल्या प्रवासात डोक्यावर ओल चार वाटांनी येते : सकाळच्या न्हाणाची, हेल्मेटखालच्या घामाची, हवेतल्या दमटपणाची आणि प्रत्यक्ष पावसाची. स्कूटरवाल्यांच्या बाबतीत पावसाचा वाटा सगळ्यात कमी. तो मानेवर, वेणीच्या शेपटावर आणि कपाळाशी येतो. टाळूपर्यंत पोचतात त्या पहिल्या दोन ओली, आणि आपली बहुतेक शस्त्रं, म्हणजे प्लॅस्टिकची टोपी, रेनकोटचं हूड, दुहेरी स्कार्फ, ही सगळी चौथ्या ओलीविरुद्ध उगारलेली असतात. पाऊस बाहेर राहतो, पण आतला घामही बाहेर पडत नाही.

केस आणि टाळू यांना वेगळं वागवावं लागतं, ते इथे. केसाला पाण्यापासून आडोसा हवा असतो. टाळूला वारा हवा असतो. एकाच झाकणानं दोन्ही साधायला गेलं की एक बिघडतं.

केसाचं आधी पाहू. जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक तयार केलं आणि १७८३ मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिलं. तेल काढून टाकलेला केस कोरड्या हवेत आखडतो, दमट हवेत लांबतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमटापर्यंत हा फरक दोन-अडीच टक्क्यांचा. तेवढ्यानं काटा हलतो. पुढे कितीतरी वर्षं जगभरच्या वेधशाळांत केसाची ही उपकरणं होती. म्हणजे सिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर लाखभर आर्द्रतामापकं असतात, आणि ती सगळी एकाच वेळी आपापलं मत सांगत असतात.

लांबीपेक्षा जाडीचा फरक मोठा. पाण्यात बुडालेला केस आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी पितो आणि त्याची जाडी पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढते. वरचे खवले उचलले जातात, एक केस दुसऱ्यात अडकतो. पण त्याहून कामाची गोष्ट आत घडते. केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी दोन प्रकार इथे महत्त्वाचे. गंधकाचे बंध पक्के, ते पार्लरमधल्या रसायनांशिवाय सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, तोच आकार ते पक्का करतात. ड्रायरनं सरळ केलेले केस कात्रजच्या घाटात पुन्हा लाटालाटांचे होतात, ते यामुळेच. आणि हेल्मेट काढल्यावर डोक्यावर चपटी टोपी बसल्यासारखं दिसतं, तेही यामुळेच. मुळाशी ओल होती, वरून दाब होता, त्या दाबाखाली मुळं वाळली. हेल्मेटनं तुमचे केस अक्षरशः सेट केले.

एकदा हे ध्यानात आलं की पार्लरमधल्या दोन तक्रारी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मुळं कोरडी असतील तर हेल्मेटचा दाब बसूनही केस बोटांनी उचलले की उठतात. मुळं कोरडी असतील तर टाळूही खाजत नाही. स्टाइल आणि टाळू यांत निवड करायची गरज मुळी पडतच नाही.

टाळूला ओलीचं एवढं वावडं का, तेही सांगायला हवं. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. तिला स्वतःला लागणारी मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. ऊब, ओल आणि तेल तिन्ही मिळालं की तिची भरभराट होते, आणि ती तेल फोडते तेव्हा सुटणाऱ्या आम्लांनी काहींची टाळू चिडते. मग खाज, पिवळसर चिकट कोंडा, कधी कपाळाच्या रेषेवर बारीक पुटकुळ्या. हेल्मेटखाली ऊब आणि ओल आयती असते. तेल आपण घालतो, "पावसाळ्यात केस रुक्ष होतात" म्हणून. रात्री टाळूला चोपडलेलं तेल न धुता सकाळी त्यावर हेल्मेट घालणं म्हणजे तिच्यासाठी पंगत मांडणं.

तेलाला मी नावं ठेवत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, आणि त्याचा परिणाम मुंबईच्या मॅरिको कंपनीतले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवून दिला. सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांच्या तुलनेत खोबरेलानं केसातलं प्रथिन धुपण्याचं प्रमाण कमी केलं. म्हणजे न्हाण्याआधी केसांच्या लांबीला खोबरेल लावणं शहाणपणाचंच. ते न्हाण्याबरोबर निघून जायला हवं आणि टाळूवर मुरत पडू नये, इतकंच.

एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आणखी एका दुखण्याकडे लक्ष वेधलं, जे लोक कोंडा किंवा लिखा समजून अंगावर काढतात. व्हाइट पिएड्रा. ट्रायकोस्पोरॉन नावाची बुरशी केसाच्या दांड्यावर मऊ, पांढुरक्या गाठी करते. लांब केस, ते ओले असतानाच घट्ट बांधायची सवय, वर झाकलेला पदर किंवा स्कार्फ, असं चित्र असलेल्या बायकांत ती आढळते. ओळखायची कशी? कोंडा झटकला की पडतो. लीख केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेली असते, नखानं ओढावी लागते. पिएड्राची गाठ केसाला वेढून असते, मऊ लागते आणि दोन बोटांत धरून सरकवली की केसावरून घसरत निघते. "फणीला खरखर लागते म्हणून येतात," त्या म्हणाल्या, "आणि उवांचं औषध लावून लावून थकलेल्या असतात." यावर बुरशीविरोधी औषध लागतं, काही वेळा केसही आखूड करावे लागतात. घरगुती उपाय करत बसण्यात महिने जातात.

आता प्रत्यक्ष प्रवास. माझी एक भाची कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरनं जाते. केस कमरेपर्यंत, दाट, किंचित कुरळे. पंधराएक किलोमीटर, पावसात तास सहज. जूनपासून तिची टाळू चिडलेली असायची. तिनं एका हंगामात जे बदललं, ते क्रमानं सांगते, कारण तिच्या दिनक्रमात बहुतेकींचा दिनक्रम दिसेल.

पहिला बदल न्हाणाच्या वेळेचा. सकाळचं न्हाणं बंद. रात्री दहाचंही बंद, कारण मग ओल्या डोक्यानं उशीवर पडणं आलं, आणि उशी हेही एक झाकणच. ऑफिसातून आल्यावर साडेसात-आठला न्हाणं, म्हणजे झोपेपर्यंत तीन तास मिळतात. पावसाळी हवेत दाट केसांना तेही पुरत नाहीत, म्हणून ड्रायर. इथे घराघरांत एक समज आहे, की ड्रायरनं केस जळतात, वाऱ्यावर वाळवलेले बरे. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात केसांच्या बटा पुन्हा पुन्हा धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून वाळवल्या. ड्रायर जवळ धरला तेव्हा पृष्ठभाग खराब झाला, हे अपेक्षितच होतं. पण पंधरा सेंटिमीटरवरून सतत हलवत वाळवलेल्या केसांचं एकूण नुकसान नुसत्या हवेवर वाळलेल्या केसांपेक्षा कमी निघालं. हवेवर वाळणारा केस फार वेळ ओला राहतो आणि आतल्या थरांना जोडणारा भाग फुगून दुखावतो. त्या अंतरावर हवेचं तापमान सत्तेचाळीस अंशांच्या आसपास होतं. पंधरा सेंटिमीटर म्हणजे शाळेतली छोटी पट्टी. भाचीनं खरोखर पट्टी लावून एकदा अंतर पाहिलं, मग हाताला सवय झाली.

ड्रायरच्या आधी पंचा. जाड टर्किश टॉवेलचा फेटा बांधून अर्धा तास हिंडणं ही पार्लरच्या जाहिरातींतून आलेली सवय. तो टॉवेल पाणी पितो खरा, पण नंतर तेच पाणी डोक्याशी धरून ठेवतो. आपल्याकडचा सुती पंचा पातळ असतो, पटकन भिजतो, म्हणून बदलावा लागतो, आणि तेच चांगलं. एकानं लांबी टिपायची, दुसऱ्यानं बोटं घालून मुळं. चोळायचं नाही, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि कोरड्याइतका सोसत नाही. पूर्वी बाळंतिणीचे केस न्हाऊमाखू घातल्यावर उदाच्या धुरीवर धरत. बुरशीवर त्या धुराचा काय परिणाम होतो ते मी सांगणार नाही, पण मुळाशी कोरडी ऊब पोचवायची, ही त्यातली समज पक्की होती.

ड्रायरचा रोख मुळांकडे. लांबी थोडी दमट राहिली तर रात्रभरात वाळते, टाळू वाळत नाही. सगळ्यात उशिरा कोरडे होतात ते कानांमागचे आणि मानेवरचे केस, कारण त्यांच्यावर बाकीच्यांचा भार असतो. कोरडं झालं की नाही, ते हाताला नीट कळत नाही. ड्रायरनं तापलेली टाळू ओली असूनही कोरडी वाटते. त्यासाठी पाच मिनिटं थांबून, टाळू गार झाल्यावर, टिश्यू पेपरची घडी मानेवरच्या भांगात दाबून धरायची. कागद मऊ पडला तर अजून ओल आहे. ही तपासणी इतकी साधी आहे, की ती कुणी करत नाही.

मग सैल वेणी घालून झोपायचं. केस कोरडे असल्यामुळे सकाळी ते जवळजवळ तसेच असतात. सकाळी केसांच्या टोकांना सिरमचे दोन-तीन थेंब. त्यातलं सिलिकोन केसावर पातळ लेप देतं, बाहेरची दमट हवा आत शिरायला वेळ लागतो. कानांच्या वर ते न्यायचं नाही. आणि बाटलीवरचे घटक वाचायचे : पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन असेल तर ती बाटली जानेवारीसाठी ठेवावी. ग्लिसरीन पाणी खेचतं, आणि जुलैच्या हवेत खेचायला पाणी भरपूर असतं. महागडं क्रीम लावूनही केस आणखी फुगले, अशी तक्रार करणाऱ्यांनी ही एवढी तपासणी करून पाहावी.

केशरचना हेल्मेटनं ठरवावी. वर बांधलेला अंबाडा किंवा क्लचर असेल तर हेल्मेट डोक्यावर नीट बसतच नाही, मागून उचललं जातं, आणि अपघातात निघून जातं. तेव्हा मानेपासून सुरू होणारी एकच खाली वेणी, कापडी रबरानं बांधलेली. फार घट्ट नाही, कारण रोजच्या ताणानं कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. एक युक्ती त्या पार्लरवाल्या बाईंची : प्रवासात भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडायचा. पोचल्यावर तो जागेवर आणला की दबलेली मुळं उलटी वळतात आणि केस आपोआप उचलल्यासारखे दिसतात.

हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी. बाइकवाल्यांच्या दुकानांत ती सहज मिळते. ती पाऊस अडवायला नसते, घाम टिपायला असते, म्हणून एक टोपी जाताना आणि दुसरी येताना. सकाळची घामेजलेली टोपी पर्समध्ये दाबून संध्याकाळी पुन्हा घातली तर न घातलेली बरी. पुण्याचा जगप्रसिद्ध स्कार्फ धुळीसाठी, उन्हासाठी उत्तम, पण पावसाळ्यात त्याची टोकं भिजतात आणि कापड ती ओल हळूहळू वर डोक्यापर्यंत चढवतं. स्कार्फ हवाच असेल तर तो तोंडाला आणि गळ्याला, डोक्यावर नको. रेनकोटचं हूड हेल्मेटच्या आत घालू नये : कापड निसरडं, हेल्मेट सरकतं, बाजूचं दिसत नाही, आणि आत वाफ कोंडते. हूड पाठीवर उघडं सोडलं तर त्यात पाणी साठतं आणि ब्रेक मारला की मानेवर ओततं. ते गुंडाळून कॉलरच्या आत बंद करायचं. हेल्मेटच्या मागच्या काठावरून निथळणारं पाणी नेमकं वेणीच्या मुळाशी पडतं, म्हणून कॉलर उभी. वेणी रेनकोटच्या आत घ्यायची ती पाऊस सुरू झाल्यावरच. घरातून निघतानाच आत घातली, तर तासाभरात ती घामानं भिजते.

आणि खुद्द हेल्मेट. पार्किंगमध्ये आरशाला अडकवलेली हेल्मेटं पाहिलीत? कितीतरी उलटी असतात, आणि पाऊस आला की त्यात घमेल्यासारखं पाणी साठतं. डिकीत ठेवलेलं हेल्मेट भिजत नाही, पण बंद दमट जागेत त्याचं अस्तर वाळतही नाही. भाची ते वर आपल्या टेबलाजवळ नेते, तोंड बाहेर ठेवून. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे, रात्री ते काढून पंख्याखाली. अस्तर निघत असेल तर आठवड्याला सौम्य साबणानं धुवायचं, निघत नसेल तर ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली. हीटरसमोर किंवा गॅसजवळ ठेवू नये, कारण आतलं थर्मोकोलसारखं आवरण उष्णतेनं बिघडतं, आणि डोकं वाचवण्याचं काम तेच करतं. हेल्मेट घेताना अस्तर निघतं का हे विचारणं आयएसआयचा शिक्का पाहण्याइतकंच स्वाभाविक व्हायला हवं.

पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं कामाची. बहुतेक जणी हेल्मेट काढून वेणीवरचे सुटलेले केस पाण्याच्या हातानं चापून बसवतात. म्हणजे हायड्रोजनचे बंध पुन्हा मोकळे, आणि दिवसभर एसीत ते वाटेल तसे जुळणार. त्याऐवजी वेणी सोडायची, कपाळ आणि मान टिश्यूनं टिपायची, बोटांनी मुळं मोकळी करून एसीच्या वाऱ्यात पाच-दहा मिनिटं राहू द्यायची. एसीची हवा कोरडी असते, इथे ती मदतीला येते. मग भांग बदलून पुन्हा बांधायचं.

बसचा प्रवास वेगळा. तिथे हेल्मेट नाही, म्हणून अंबाडा चालतो, खरं तर तोच उत्तम : मानेवर सैल, लाकडी काट्यानं अडकवलेला, म्हणजे शेजाऱ्याच्या ओल्या रेनकोटाची बाही मोकळ्या केसांवरून फिरत नाही. बसमधला घोळ झाकणाचा आहे. स्टॉपवर आडवा पाऊस येतो म्हणून डोक्यावर ओढणी घेतली जाते आणि पीएमपीत चढल्यावरही ती तशीच राहते. माणसांनी भरलेल्या, खिडक्या लावलेल्या बसमध्ये ओली ओढणी डोक्यावर ठेवून स्वारगेट ते हडपसर गाठायचं, म्हणजे पावसात न भिजताही टाळू भिजते. बसमध्ये पाय ठेवला की ओढणी खाली आणि पिशवीत कोरडा रुमाल. खिडकीच्या रबरातून ठिबकणारी जागा रोजच्या प्रवाशांना पाठ असते, ती टाळावी. डोक्यावर सतत कापड घेणाऱ्यांनी सोबत दुसरं कोरडं ठेवावं आणि पोचल्यावर बदलावं.

पुरुषांचं थोडक्यात. केस आखूड, म्हणून लवकर वाळतात, पण सकाळी जेल लावून लगेच हेल्मेट घालणाऱ्यांची गत तीच. जेल पाण्यावर बनलेलं असतं आणि दाबाखाली वाळतं. डबी ऑफिसात ठेवली की प्रश्न मिटतो.

कधीतरी पुरतं भिजायला होतंच. अशा वेळी रस्त्यावरचा चिखल उडाला असेल तर शाम्पू, नुसता पाऊस लागला असेल तर कोरडं करणं पुरे. दर सरीनंतर न्हाणाऱ्यांची टाळू आठवड्यात चार वेळा ओली आणि एकदाही नीट कोरडी होत नाही. "ओल्या डोक्यानं सर्दी होते," हे आजीचं वाक्य विषाणूंना ठाऊक नसतं, पण केस सुकवून घे, हा तिचा हुकूम दुसऱ्या कारणासाठी पाळावा.

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस सरलेला असेल, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हेल्मेटखालचा घाम चालू राहिलेला असेल. सुती टोपी इतक्यात कपाटात टाकू नका. ऑगस्टमध्ये सुरू झालेली खाज अजून असेल, तर दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असा दोन ते चार आठवड्यांचा प्रघात आहे. फेस करून लगेच धुतला तर त्याचा उपयोग नाही. तेवढ्यानं उतार पडला नाही, टाळू ओली दिसू लागली, केसांचे पुंजके गेले किंवा फणीला ती खरखर लागली, तर मात्र डॉक्टर. आणि नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला चिडलेल्या टाळूवर तेल घालावं का, असं भाचीनं मला विचारलं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं उत्तर होतं : "लांबीला लाव, टाळूला नुसता हात, आणि तासाभरात धुऊन ड्रायर. फराळाला ओल्या केसांनी बसू नको."